सूज मंगळवारी, कारण शनिवारी

बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केल्यामुळे तारखांशी माझे नाते जरा जास्तच जवळचे आहे. एखादी नोंद खात्यात ज्या दिवशी दिसते तो तिचा खरा दिवस असेलच असे नाही. व्याज मोजायचे ते व्हॅल्यू डेटपासून, हे आम्ही नव्याने लागलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवत असू. तरीही स्वतःच्या चेहऱ्यावर उमटलेली नोंद वाचताना मी हा धडा साफ विसरले, आणि त्या विसरण्यापायी जवळजवळ तीन महिने निरपराध वस्तूंना दोषी ठरवत बसले.

गोष्ट २०२४ च्या श्रावणातली. त्या वर्षी श्रावणात पाच सोमवार आले होते आणि शेवटचा सोमवार २ सप्टेंबरला होता. सांगलीतल्या पुष्कळ जणींप्रमाणे मीही श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला जाते. त्या दिवशी गर्दी होती, ऊन होते, आणि दर्शनानंतर कोणीतरी कपाळाला अष्टगंध लावले. संध्याकाळपासून कपाळाच्या वरच्या कडेला, जिथे केस सुरू होतात तिथे, खाज सुटू लागली. मंगळवारी सकाळी आरशात पाहिले तर दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या फुगलेल्या होत्या, कानांच्या पाळ्यांच्या मागे लाली होती आणि केसांच्या रेषेला लागून लालसर पुरळाची एक अरुंद पट्टी उठली होती. दोन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्यावर ते ओसरले आणि गणपतीच्या आदल्या दिवशी चेहरा पूर्ववत झाला.

निदान मी स्वतःच केले. अष्टगंधात सुगंधी द्रव्ये असतात, सुगंधाची ॲलर्जी होते हे मी ऐकून होते, आणि सोमवारी लावलेल्या गंधाने मंगळवारी पापण्या सुजल्या यात न पटण्यासारखे काही नव्हते. मी गंध बंद केले, तोंडाला लावायची सुवासिक क्रीमही बंद केली, आणि थांबून पाहिले. एक आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. काहीही झाले नाही. माझ्या दृष्टीने सिद्धांत सिद्ध झाला होता. मैत्रिणींना मी तो सांगितलाही, आणि दोघींनी माझे ऐकून आपापली अत्तरे कपाटात मागे सारली.

या सिद्धांतात एक भोक होते आणि ते मला दिसायला हवे होते. मी दर सोमवारी देवळात जाते, एकट्या श्रावणात नव्हे, आणि गंध दर वेळी लावते. जे कारण दर आठवड्याला हजर असते त्याचा परिणाम एकाच आठवड्यात का दिसावा, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दुसरे असे की चार आठवडे काही झाले नाही याचा अर्थ गंध बंद केल्यामुळे झाले नाही असा मी लावला. जो त्रास मुळातच पाच आठवड्यांनी येणारा असेल तो चार आठवडे येणार नाहीच, तुम्ही काहीही बंद करा. एखादी वस्तू सोडून पाहण्याची मुदत त्रासाच्या दोन फेऱ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी असली तरच त्या प्रयोगाला अर्थ असतो, आणि माझी मुदत नेमकी त्याहून छोटी होती.

मंगळवार ८ ऑक्टोबरला पापण्या पुन्हा सुजल्या. या वेळी गंध लावलेले नव्हते, म्हणून नवा आरोपी शोधणे भाग होते, आणि तो अक्षरशः नाकावरच बसलेला होता. रविवारी मी नवा चष्मा आणला होता, धातूच्या बारीक काड्यांचा. कॉलेजात असताना खोटे कानातले घातले की माझे कान चिघळायचे, तेव्हा धातू मला सोसत नाही हे घरात सर्वांना ठाऊक होते. चष्म्याच्या काड्यांत निकेल असणार आणि त्यामुळेच हे झाले असणार, असे ठरवून मी जुना प्लॅस्टिकचा चष्मा पुन्हा काढला आणि दुकानदाराशी थोडे वाजवूनही घेतले. त्या बिचाऱ्याची अजून मी माफी मागितलेली नाही.

तिसरी फेरी दिवाळीत आली, आणि ती सर्वांत वाईट होती. वसुबारसेच्या दिवशी, म्हणजे सोमवारी २८ ऑक्टोबरला, दुपारी खाज सुरू झाली आणि रात्रीपर्यंत उजवा डोळा जवळजवळ मिटला. कपाळाच्या कडेला बारीक फोड आले आणि त्यांतून पाणी झिरपू लागले. नणंदेने उटण्यावर ठपका ठेवला, परंतु उटण्याची पुडी नरकचतुर्दशीला, ३१ तारखेला फुटायची होती आणि ती तोवर बंदच होती. शेजारणीने हळदीचा लेप सुचवला. हळदीच्या गावात राहून हळदीला नाही म्हणणे अवघड असते, पण त्यानेही काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते हे मला नंतर कळले, आणि ओल्या फोडांवर कसलाही लेप घालू नये हे तर कळायला हवेच होते. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आली. तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि प्रतिजैविक अशी तीन द्रव्ये तिच्यात एकत्र होती. सूज दोन दिवसांत उतरली, म्हणून सर्वांनी दुकानदाराचे कौतुक केले. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ. तिच्यावर असले तीव्र स्टेरॉइड लावत राहिल्यास ती आणखी पातळ होते आणि डोळ्याच्या आतला दाबही वाढू शकतो. शिवाय अशा काही ट्यूबांमध्ये निओमायसिन असते, आणि ते स्वतःच ॲलर्जीचे एक नेहमीचे कारण आहे. म्हणजे आग विझवायला आणलेल्या बादलीत रॉकेलही असू शकते. याच सुमारास आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स दिला आणि दिवाळी पार पडली.

नोव्हेंबरच्या मध्यावर मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाच्या, शांत स्वभावाच्या. मी अष्टगंध, चष्मा आणि कानातल्यांची सगळी हकिगत एका दमात सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "काकू, सुजलेल्या दिवशी काय केलंत ते मला नको आहे. त्याच्या आधीचे तीन दिवस मला सांगा."

ही एक मागणी सगळे उलटवणारी होती. त्यांनी समजावले ते असे. चेहऱ्यावर दिसणारी ही ॲलर्जी शीतपित्तासारखी नसते. अंगावर गांधी उठतात त्या मिनिटांत उठतात. ही उशिरा येते. काही रसायनांचे रेणू इतके लहान असतात की ते त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. त्या जोडगोळीला शरीर परके समजते आणि तिची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार करते. ही पहिली ओळख व्हायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात, आणि तोवर बाहेर काहीच दिसत नाही. ओळख झाली की ती सहसा जन्मभर टिकते. पुढे तेच रसायन पुन्हा लागले की त्या पेशी जमायला आणि दाह सुरू व्हायला बहुधा एक ते तीन दिवस जातात. म्हणून मंगळवारची सूज ही मंगळवारची नसतेच. माझ्याच धंद्याच्या भाषेत सांगायचे तर नोंद मंगळवारची, व्हॅल्यू डेट शनिवारची.

आणखी एक गोष्ट त्यांनी हलक्या आवाजात सांगितली, जी मला पटायला वेळ लागला. अनेक वर्षे सोसलेली वस्तू निर्दोष असते असे नाही. शरीर ती ओळख दहाव्या वर्षीही करून घेऊ शकते. "मी तर हे कित्येक वर्षं वापरतेय" हे वाक्य रुग्ण बचावासाठी बोलतात आणि डॉक्टर पुराव्यात नोंदवतात.

घरी येऊन मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. आमच्याकडे त्यावर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर आणि कामवाल्या मावशींच्या सुट्या लिहिलेल्या असतात. त्यात माझ्या चेहऱ्याचा मागमूस नव्हता. तीन तारखांभोवती मी लाल वर्तुळे केली आणि प्रत्येकीच्या मागचे तीन दिवस आठवू लागले. काय खाल्ले, कुठे गेले, कोणता साबण होता. आणि तरीही जी गोष्ट या तिन्ही ठिकाणी होती ती मला सापडली नाही, कारण ती मला "गोष्ट" वाटतच नव्हती. ती सापडली मुलीमुळे. ती बंगळूरला असते आणि शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल करते. तिच्या फोनमध्ये माझा एक फोटो होता, ३१ ऑगस्टचा: खांद्यावर जुना टॉवेल, डोक्यावर काळा लगदा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, कपाळाच्या कडेला एक ओघळ. खाली तिने लिहिले होते, "शिरस्त्राण धारण करून मातोश्री." गणपतीला पाहुणे येणार म्हणून मी केसांना डाय लावला होता. मग बाकीचे पटापट जुळले. नवरात्र सुरू झाल्यावरचा शनिवार ५ ऑक्टोबरचा, आणि दिवाळीआधीचा २६ ऑक्टोबरचा. एरवी मी पाच आठवड्यांनी डाय लावते. दिवाळीसाठी तीनच आठवड्यांनी लावला, आणि सूजही बरोबर तीनच आठवड्यांनी आली. तारखा अशा वाकड्या जुळल्या की योगायोगाला फारशी जागा उरत नाही. सरळ जुळणाऱ्या तारखांपेक्षा वाकड्या जुळणाऱ्या तारखा जास्त विश्वासार्ह असतात हे हिशेब तपासणाऱ्या कोणालाही पटेल.

अकरा वर्षे मी तो डाय लावत होते. पहिली दहा वर्षे काहीही झाले नाही. नंतरच्या वर्षात कधीमधी कानामागे खाज यायची. ती मी घामावर ढकलली.

काळ्या डायमध्ये जे रसायन बहुतेक वेळा असते त्याचे नाव पॅराफेनिलीनडायअमिन, बोलायला पीपीडी. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केस रंगवायला वापरात आहे, आणि त्याची गंमत अशी की ते मुळात काळे नसते. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर मिसळल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि केसाच्या आतच मोठे, रंगीत रेणू तयार होतात. ते बाहेर पडू शकत नाहीत म्हणून रंग टिकतो. त्रास होतो तो या रूपांतराच्या काळात, म्हणजे लगदा ओला असताना. पूर्ण रंगून, धुऊन, वाळलेल्या केसांपासून धोका पुष्कळ कमी असतो.

माझी सर्वांत मोठी शंका अशी होती की डाय डोक्याला लावला, मग सूज पापणीवर का? डोक्याची त्वचा तर ठणठणीत होती. डॉक्टर बाईंना हा प्रश्न रोज विचारला जात असावा. टाळूची त्वचा जाड असते आणि ती बरेच सोसते. रसायन तिच्यावरून सरकते आणि कडांना, म्हणजे कपाळ, कान, मान येथे पोचते. धुताना पाणी चेहऱ्यावरून वाहते. आणि बोटांनी आपण दिवसभर नकळत डोळे चोळतो. ज्या ठिकाणी त्वचा सर्वांत पातळ, तिथे सर्वांत आधी भडका. म्हणून पापण्या सुजल्या की डोळ्यांच्या आसपासचेच कारण शोधणे ही चूक होते. नखांना लावलेल्या रंगामुळे पापण्या सुजलेल्या आणि नखांभोवती मात्र काहीच नाही, अशाही बायका त्यांच्याकडे येतात.

चेहऱ्यावरची जागा काहीसा माग देते, पण निकाल देत नाही. केसांची रेषा, कान, मान आणि पापण्या एकत्र असल्या तर डोक्याला लावलेल्या वस्तूंकडे पाहावे. चष्म्याच्या निकेलने लाली येते ती नाकाच्या दोन्ही बाजूंना पॅड टेकतात तिथे, आणि कानामागे काडी बसते तिथे. माझ्या नाकावर कधीच काही नव्हते, हे मी तेव्हाच पाहिले असते तर दुकानदार वाचला असता. क्रीममधल्या सुगंधाने गाल, कपाळ, मान असा पसरट, दोन्हीकडे सारखा दाह होतो. टिकलीखाली तेवढाच गोल चट्टा उठला, किंवा तिथला रंगच गेला, तर टिकलीच्या गोंदाकडे बोट जाते.

जुळलेल्या तारखा हा संशय असतो; पुरावा पॅच टेस्टने मिळतो. ती लगेच करता आली नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा असर जाईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते, नाहीतर खरी ॲलर्जीही चाचणीत दबून जाते. पाठीवर स्टेरॉइडचे मलम लावलेले चालत नाही, नुकतेच कडक ऊन लागलेले चालत नाही. खाजेच्या नेहमीच्या गोळ्यांनी मात्र या चाचणीत सहसा बिघडत नाही, कारण त्या ज्या यंत्रणेवर काम करतात ती इथे मुख्य नसते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये घामाने पट्ट्या सुटतात म्हणून थंडी बरी, असे ठरून सोमवार ९ डिसेंबर मुक्रर झाला.

पद्धत ऐकायला मोठी, करायला साधी. चिकटपट्टीवर अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या गोल वाट्या असतात, टिकलीएवढ्या. प्रत्येकीत व्हॅसलिनमध्ये ठरलेल्या प्रमाणात मिसळलेले एकेक द्रव्य: पीपीडी एक टक्का, निकेल सल्फेट पाच टक्के, सुगंधी द्रव्यांचे एक मिश्रण आठ टक्के, आणि असेच पुढे. भारतात नेहमी आढळणाऱ्या द्रव्यांचा एक ठरलेला संच मिळतो. माझ्या पाठीवर वीस वाट्या लागल्या. कल्पना जुनी आहे. योजेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ मध्ये मांडली, आणि तत्त्व अजून तेच आहे: संशयितांना निरोगी त्वचेच्या छोट्या तुकड्यावर दोन दिवस बसवायचे आणि कोणाखाली त्वचा पेटते ते पाहायचे. याच्यात रक्त काढायचे नसते. सुईने टोचून किंवा रक्तातून केल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या चाचण्या वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीसाठी असतात. चेहऱ्याच्या या त्रासात त्यांवर हजारो रुपये घालवून, दूध आणि वांगी सोडून बसलेली माणसे मला त्या प्रतीक्षागृहात भेटली.

दोन दिवस पाठ भिजवायची नाही, वाकून फरशी पुसायची नाही. बुधवारी पट्ट्या काढल्या, पेनाच्या खुणा तशाच ठेवल्या, अर्ध्या तासाने वाचन झाले. शुक्रवारी दुसरे, पुढच्या सोमवारी तिसरे. तीनदा का जायचे, म्हणून मी कुरकुर केली होती. बुधवारी चार ठिकाणी लाली होती. शुक्रवारी त्यांतल्या दोन पुसट झाल्या. त्या निव्वळ चुरचुर होत्या, कडा कापल्यासारख्या स्पष्ट आणि उतरत्या. उरलेल्या दोन वाढल्या. निकेलखाली लाल, किंचित उंच चकती. तीव्रतेच्या मोजणीत त्याला एक अधिकचिन्ह. पीपीडीखाली फोडांनी भरलेला, वाटीच्या बाहेर पसरलेला गोल. त्याला तीन अधिकचिन्हे. सुगंधाखाली स्वच्छ त्वचा, तिन्ही वेळा. बुधवारीच सगळे आटोपले असते तर दोन खोट्या ॲलर्जी घेऊन मी घरी गेले असते. काही ॲलर्जी उलट सातव्या दिवशीच उगवतात.

आता मला वाटले की दोन गुन्हेगार सापडले. डॉक्टर बाईंनी थांबवले. "निकेलची ॲलर्जी तुम्हाला आहेच, काकू, पण ती कॉलेजातल्या कानातल्यांची. हा चेहरा तिने केला का, ते वेगळं बघावं लागेल." त्यांनी नवा चष्मा मागितला आणि दोन छोट्या बाटल्या काढल्या. एकीत डायमिथाइलग्लायॉक्झिम, दुसरीत अमोनिया. कापसाच्या काडीवर दोन्हीचा एकेक थेंब घेऊन त्यांनी ती चष्म्याच्या काडीवर अर्धा मिनिट घासली. कापूस पांढराच राहिला. मग माझ्या केसांतली पिन मागून तिच्यावर घासला, आणि कापूस गुलाबी झाला, गुलकंदासारखा. गुलाबी म्हणजे निकेल बाहेर पडते आहे. चष्म्यावरचा मुलामा पुढे झिजला तर हा निकाल बदलू शकतो, हेही त्यांनी सांगितले. पिन मी टाकून दिली. चष्मा आज नाकावर आहे.

क्रीमचा प्रश्न उरला होता. सुगंधाचे ते मिश्रण आठ द्रव्यांचे असते आणि बाजारातले सुगंध शेकड्यांनी; चाचणी स्वच्छ आली म्हणजे सगळे सुगंध निर्दोष ठरत नाहीत. म्हणून माझी क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ दहा दिवस लावायला सांगितली. काही झाले नाही, आणि ती सुटली. अष्टगंधही मग परत आले. हा घरगुती प्रयोग त्वचेवर ठेवायच्या वस्तूंसाठीच आहे; शॅम्पू किंवा साबण असे लावून ठेवले तर निरोगी त्वचाही चुरचुरते. आणि डाय पट्टीखाली बांधून घरी तपासणे हे तर कोणी करू नये. त्याने हातावर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि नसलेली ॲलर्जी नव्याने जडूही शकते.

डायच्या पाकिटावर, तशी, चाचणीची सूचना होतीच. अकरा वर्षांत मी ती पहिल्यांदा वाचली, तीही भिंगाने. थोडासा कालवलेला डाय कानामागे लावा, चोवीस तास ठेवा, धुवा, खाज नसेल तर वापरा, आणि हे दर वेळी करा. पापण्यांना किंवा भुवयांना लावू नका, दृष्टी जाण्याचा धोका आहे, हेही त्याच बारीक अक्षरांत. माझी खाज दुसऱ्या दिवशी नव्हे तर सुमारे चाळीस-पंचेचाळीस तासांनी सुरू होत असे. म्हणजे चोवीस तासांच्या त्या परीक्षेत मी बहुधा उत्तीर्ण होऊन पुन्हा सुजले असते.

त्यानंतर सर्वांनी काळी मेंदी सुचवली. "हर्बल आहे हो, काही होत नाही." मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग नारिंगी-तांबडा, तो चढायला तास लागतात आणि पांढरा केस त्याने तांबूस होतो, काळा होत नाही. नीळीच्या पानांची पूड नंतर वेगळी लावली तर काळसर छटा येते, तीही सावकाश. जी मेंदी अर्ध्या तासात कोळशासारखा काळा रंग देते तिच्यात पान सोडून आणखी काहीतरी आहे, आणि ते बहुधा तेच पीपीडी असते. भाचीच्या लग्नात पार्लरवालीने पुढे केलेल्या पाकिटाच्या मागे पान-फुलांच्या चित्राखाली ते नाव लिहिलेलेच होते. "अमोनियाविरहित" या शब्दांनीही फसू नये. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळे. काही डायमध्ये पीपीडीऐवजी त्याचे भाऊबंद असतात, आणि ज्याचे शरीर एकाला ओळखते ते पुष्कळदा दुसऱ्यालाही ओळखते. डॉक्टर बाईंनी दिलेल्या माझ्या ॲलर्जीच्या कार्डावर म्हणून सुन्न करणाऱ्या काही मलमांतल्या बेन्झोकेनचेही नाव लिहिलेले आहे. पुन्हा डाय लागलाच तर पूर्ण चेहरा सुजू शकतो. श्वासाला त्रास झाला तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचे, एवढे मला बजावले आहे.

कपाळाच्या कडेला तपकिरी-राखाडी पट्टा राहिला. आपल्या सावळ्या कातडीत दाह गेल्यावरही रंग मागे राहतो आणि तो जायला महिने लागतात. मी त्याला घासून काढायचे सगळे उपाय नाकारले, ऊन टाळले, आणि पावसाळ्यापर्यंत तो पुसट झाला.

डाय सुटला, केस पांढरे झाले, आणि तरीही फेब्रुवारीत एका सोमवारी, १७ तारखेला, पापण्या पुन्हा खाजू लागल्या. सौम्य, पण तीच खाज. क्षणभर वाटले, सगळा हिशेब चुकला. मी कॅलेंडरजवळ गेले आणि दोन दिवस मागे बोट नेले. शनिवार १५. त्या संध्याकाळी ह्यांनी डाय लावला होता. वाटीत कालवून मी दिला होता, मागचे केस मीच ब्रशने रंगवले होते, तीस वर्षांच्या सवयीने, हातमोज्याविना. बोटांच्या जाड कातडीला काहीच झाले नव्हते. नंतर टीव्ही बघताना मी डोळे चोळले असणार.

ह्यांना सांगितले तेव्हा ते पेपर वाचत होते. "अगं, मग मी सोडून देऊ का?" असे म्हणाले, पण पेपर खाली न ठेवता, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला. आता ते स्वतःच कालवतात, न्हाणीघराचे दार लावून, माझ्या जुन्या बादलीत नव्हे तर वेगळ्या तांब्यात पाणी घेऊन, आणि मागची बाजू अर्धी पांढरी राहते. मी ब्रशला हात लावत नाही. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खाली, दर पाच आठवड्यांनी एका शनिवारच्या चौकोनात, माझ्या अक्षरात "ह्यांचा डाय" असे लिहिलेले असते, आणि त्याच्या पुढच्या तीन चौकोनांत मी काहीच लिहीत नाही. ते रिकामे ठेवते.